गाडी ठेवावी की विकावी?

सदाशिव पेठेतील 74 वर्षांचे एक गृहस्थ परवा रक्तदाब तपासून घेताना म्हणाले, "डॉक्टर, मुलगा गाडी विका म्हणतो, पण रात्री-अपरात्री हिला काही झालं तर?"

आम्ही तिथेच हिशेब मांडला. विमा 9,000, देखभाल 9,000 आणि पार्किंगच्या जागेचे भाडे 18,000. म्हणजे पेट्रोल न धरताच वर्षाला 36,000 रुपये. गाडी बाहेर निघते महिन्यातून दोनदा. एकेक फेरी 1,500 रुपयांना पडली. तेवढ्याच जाण्यायेण्याला टॅक्सीचे 500 होतात.

खरा प्रश्न रात्रीचा. त्यांना मोतीबिंदू आहे. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. पत्नीच्या छातीत कळ येत असताना ते गाडी चालवू लागले, तर मागे तिची शुद्ध हरपल्याचेही त्यांना कळणार नाही. रुग्णवाहिकेत प्राणवायू असतो, प्रशिक्षित माणूस असतो. म्हणून 108 हा क्रमांक फोनजवळ ठळक अक्षरांत लिहून ठेवण्यास मी सांगितले. त्याखाली, किरकोळ दुखण्यासाठी, ओळखीच्या रिक्षावाल्याचा क्रमांक.

हा हिशेब सर्वांना लागू नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावे लागत असेल, तर वर्षाला 156 फेऱ्या होतात. टॅक्सीचेच 78,000 रुपये. शिवाय उपचारानंतर गळून गेलेल्या रुग्णाला रस्त्यावर ताटकळणे सोसवत नाही. अशा घरी गाडी चालवणारे तरुण माणूस असेल, तर ती अवश्य ठेवावी.

आमच्या गृहस्थांनी किल्ली अद्याप मुलाच्या हाती दिलेली नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मात्र घेतली आहे.