लाईट गेली, वायफाय गेलं. म्हसळ्यात छोट्या डीसी बॅकअपला मागणी का, आणि तो किती वेळ टिकतो?

म्हसळा : पावसाळा सुरू झाला की तालुक्यात लाईटचा लपंडाव नवा नाही. झाडाची फांदी तारेवर पडते, डोंगरातल्या लाईनवर फॉल्ट होतो आणि महावितरणचा माणूस पोहोचेपर्यंत दोन-तीन तास जातात. आता घराघरात फायबरचं इंटरनेट आलंय, त्यामुळे लाईटबरोबर वायफायही जातं. मुंबईतल्या चाकरमान्याला व्हिडिओ कॉल लावायचा असतो किंवा पोराचा ऑनलाईन फॉर्म अर्धा भरून झालेला असतो, आणि नेमकी तेव्हाच राऊटरची लाईट विझते.

यावर बाजारात साधारण हजार ते दोन हजार रुपयांत मिळणारा 'मिनी यूपीएस' म्हणजे छोटा डीसी बॅकअप लोक घेऊ लागलेत. कल्पना साधी आहे. राऊटर मुळात 230 व्होल्टवर चालतच नाही. त्याचा अडॅप्टर घरातली वीज उतरवून बहुतेक वेळा 12 व्होल्ट डीसी करतो. मिनी यूपीएसमधली लिथियम बॅटरी तेच 12 व्होल्ट थेट देते, त्यामुळे मोठ्या इन्व्हर्टरची गरज उरत नाही.

फसगत होते ती डब्यावरच्या आकड्यात. '10400 एमएएच' वाचून गिऱ्हाईक खूश होतं, पण हा आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो, 12 व्होल्टचा नव्हे. हिशेब असा : 10.4 गुणिले 3.7 म्हणजे साधारण 38 वॉट-तास. व्होल्टेज वाढवताना काही वीज वाया जाते, म्हणून हाताशी 30 धरावेत. राऊटर आणि फायबरची पेटी एकच असेल तर ती साधारण 7 वॉट खाते. 30 भागिले 7 म्हणजे चार तासांच्या आसपास. दुकानदार आठ तास म्हणाला तर हा हिशेब त्याच्यासमोरच करावा. बॅटरी जुनी झाली की हा वेळही कमी होतो.

आता त्याच यूपीएसवर सेट टॉप बॉक्सही जोडला तर? बॉक्सला साधारण 10 वॉट लागतात, छतावरच्या डिशच्या एलएनबीलाही तोच वीज पुरवतो. दोन्ही मिळून 17 वॉट झाले आणि चार तासांचे पावणेदोन तास उरले. शिवाय टीव्ही बंदच असेल तर बॉक्स चालू ठेवून उपयोग काय? बॉक्सला बॅकअप देण्यात अर्थ आहे तो टीव्ही इन्व्हर्टरवर असलेल्या घरात. तिथे लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू होताना क्षणभर खंड पडतो, बॉक्स रिस्टार्ट होतो आणि मॅच पुन्हा दिसायला वेळ जातो. बाकीच्यांनी सगळी बॅटरी राऊटरलाच ठेवलेली बरी.

घेण्यापूर्वी जुन्या अडॅप्टरवरचं 'आउटपुट' वाचावं. 12 व्होल्ट, 1 अँपिअर असेल तर यूपीएसही 12 व्होल्टचाच हवा, अँपिअर जास्त असले तरी चालतात. काही राऊटर 9 व्होल्टचे असतात, त्यांना 12 दिले तर ते जळू शकतात. पिन नीट बसते का, आणि प्लस-मायनसची खूण जुळते का, हेही पाहावं. जोडल्यावर भिंतीवरचं बटण बंद करून बघायचं. राऊटरच्या लाईट एकदा विझून पुन्हा लागल्या, तर तो यूपीएस कामाचा नाही, परत करावा. काही यूपीएस राऊटरच्याच जुन्या अडॅप्टरवर चार्ज होतात. अडॅप्टर 1 अँपिअरचा असेल तर राऊटर चालवणं आणि बॅटरी भरणं ही दोन्ही कामं त्याला झेपत नाहीत. लाईट आल्यावर राऊटर सारखा रिस्टार्ट व्हायला लागला की समजावं, मोठा अडॅप्टर हवा.

तरीही नेट बंद पडू शकतं. राऊटर चालू आहे, पण पेटीवर 'एलओएस'ची लाल लाईट लागली, तर सिग्नलच येत नाही : फायबर तुटली आहे किंवा पुढचं मशीन बंद आहे. एक्स्चेंजला बॅटरी असते, पण स्थानिक केबलवाल्याचं मशीन वाटेत कुणाच्या घरातल्या विजेवर चालत असेल, तर गावातली लाईट गेली की तेही जातं. म्हणून यूपीएस घेण्याआधी केबलवाल्याला एकच प्रश्न विचारावा : तुमच्या मशीनला बॅकअप किती तासांचा? उत्तर एक तास असेल, तर घरातली चार तासांची बॅटरी तीन तास नुसत्या लाईट लावून बसेल.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-म्हसळ्यात खांब पडले, लाईट आणि मोबाईलची रेंज दोन्ही गेली. तसल्या वेळी या डब्यांचा उपयोग नाही. रोजच्या दोन-तीन तासांच्या खंडापुरतीच त्यांची ताकद. एक फायदा मात्र वेगळा आहे. विजा कडाडायला लागल्या की यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून ठेवता येतो आणि नेट सुरूच राहतं. सेट टॉप बॉक्सचं मात्र तसं नाही. डिशची केबल तांब्याची असते आणि ती छतावरून थेट बॉक्समध्ये येते. म्हणून तेव्हा बॉक्सची केबलही मागून सोडवून ठेवावी लागते.