ग्रॅच्युइटीतून गृहकर्ज फेडावे का?

शिक्षक मित्रहो, समजा शिळफाट्यावरच्या तुमच्या फ्लॅटचे ८ लाख कर्ज बाकी आहे, व्याज ८.५ टक्के, मुदत ६ वर्षे. हप्ता साधारण १४,२०० रुपये, त्यात एकूण व्याज सव्वादोन लाख. ठेवीवर इतका दर सहसा मिळत नाही, शिवाय त्या व्याजावर कर. म्हणून फेडलेलेच बरे, असे मला वाटते.

पण ग्रॅच्युइटी निवृत्तीनंतरच, कधी उशिराही हातात येते. तिच्या भरवशावर आधी उसनवारी नको. वर्षाचा घरखर्च आणि दवाखान्याचे पैसे बाजूला काढूनच उरलेले भरा. कर्ज पूर्ण फिटत नसेल तर बँकेला मुदत नाही, हप्ता कमी करायला सांगा. पेन्शनमध्ये तोच जड जातो. पूर्ण फिटले की घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत, ते मोजून घ्या.