`?kkVath` म्हणजे घाटंजी

आमच्या महाविद्यालयाच्या जुन्या वार्षिकांकांच्या फायली असलेली एक सीडी मध्यंतरी विभागाच्या कपाटात सापडली. संगणकावर ती उघडली तेव्हा पहिल्याच ओळीत `?kkVath rkyqD;krhy` असे काहीतरी दिसले, आणि पुढची चाळीसएक पाने याच धाटणीची होती. शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांनी एका शब्दात निकाल दिला : करप्ट. सीडी कचऱ्याच्या टोपलीकडे निघालीही होती. ती मी परत घेतली, कारण त्या अंकात विद्यार्थ्यांनी तालुक्यातल्या गावांतून जमवलेली वऱ्हाडी शब्दांची एक यादी होती आणि छापील अंकाची एकही प्रत आज ग्रंथालयात नाही.

‘करप्ट’ हा निकाल चुकीचा होता. मजकूर खरोखर नष्ट झालेला असला तर पडद्यावर `?????` अशी प्रश्नचिन्हांची सरळ रांग दिसते. तिथे अक्षरांच्या जागी काहीच उरलेले नसते आणि कोणतीही विद्या ते परत आणू शकत नाही. आमच्या फायलीत प्रश्नचिन्ह होते, पण मधूनच एखादे, आणि प्रत्येक वेळी त्याच्यामागे `k` होता. जिथे अशी शिस्त दिसते तिथे भाषा जिवंत असते.

ही शिस्त टंकलेखन यंत्रातून आलेली आहे. रेमिंग्टन पद्धतीच्या देवनागरी यंत्रावर कळा मोजक्या, आणि आपली अक्षरे, जोडाक्षरे, मात्रा मात्र पुष्कळ. म्हणून अनेक अक्षरांचा दंड वेगळा काढला गेला : नुसत्या शरीराची एक कळ आणि दंडाची दुसरी. हीच दंडाची कळ कान्यालाही चालते, कारण दिसायला दोन्ही एकच. पुढे संगणक आले तेव्हा कृतिदेवसारख्या फॉन्टांनी ही व्यवस्था जशीच्या तशी उचलली. संगणकाच्या लेखी कळफलक इंग्रजीच राहिला आणि फायलीत रोमन अक्षरेच साठत गेली. फॉन्टने केवळ त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवला. तेव्हा कृतिदेवातला सगळा मराठी मजकूर म्हणजे मुळातच परक्या कळफलकावर टंकलेली मराठी होय. मुखवटा गळून पडला की आतले रोमन दिसते, इतकेच.

आता पहिला शब्द सोडवून पाहू. कृतिदेव ०१० मध्ये `?` म्हणजे दंड नसलेला घ. पहिला `k` त्याचा दंड आणि दुसरा `k` त्याचा काना. झाले ‘घा’. `V` म्हणजे ट, `a` म्हणजे अनुस्वार, `t` म्हणजे ज आणि `h` म्हणजे दीर्घ ईकार. `?kkVath`, म्हणजे घाटंजी. आपल्या गावाचे नाव प्रश्नचिन्हाने सुरू होते हे मला त्या दिवशी कळले.

बोटांची सवय बदलली की निरर्थकाचे रूपही बदलते. १९८६ साली प्रमाणित झालेला इनस्क्रिप्ट कळफलक वापरणाऱ्याने मराठीची कळ दाबायचे विसरून ‘घाटंजी’ लिहिले तर पडद्यावर `Ie'xpr` उमटेल. दोन्ही पद्धतींत ऱ्हस्व इकाराची कळ योगायोगाने एकच आहे, `f`. पण ‘स्थिती’ हा शब्द इनस्क्रिप्टच्या सवयीने `mdLflr` होतो आणि रेमिंग्टनच्या सवयीने `fLFkrh`. पहिल्यात `f` चौथा, दुसऱ्यात तो सर्वांच्या आधी. इनस्क्रिप्ट उच्चाराच्या क्रमाने लिहितो : स्, थ आणि मग इ. रेमिंग्टन दिसण्याच्या क्रमाने लिहितो, कारण यंत्रावर वेलांटी डावीकडे उमटते आणि म्हणून ती आधी ठोकावी लागते. तेव्हा समोरचा मजकूर कोणत्या कुळातला हे ओळखायचे असेल तर शब्दारंभी येणारे `f` मोजावेत. ते वारंवार दिसले तर टंकलेखक रेमिंग्टनवर शिकलेला आहे असे समजायला हरकत नाही.

इथवर सगळे एखाद्या कोड्यासारखे रंजक आहे. मतभेदाची जागा पुढे येते. अशा फायली युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके सहज मिळतात, आणि ती मिळतात म्हणूनच आपण निश्चिंत झालो आहोत. मजकूर चिकटवायचा, बटन दाबायचे, आलेली देवनागरी जतन करायची आणि मूळ फाईल पुसून टाकायची असा रिवाज पडला आहे. माझा आक्षेप शेवटच्या कृतीला आहे.

परिवर्तकाला दिसण्याच्या क्रमातून उच्चाराच्या क्रमात जावे लागते. वेलांटी उचलून पुढच्या संपूर्ण जोडाक्षरापलीकडे ठेवावी लागते. कच्चे परिवर्तक तिला एकाच अक्षरापलीकडे नेते आणि ‘सि्थती’ तयार होते. रफाराचे याच्या उलट आहे. यंत्रावर तो सर्वांत शेवटी ठोकला जातो, म्हणून ‘विद्यार्थी’ हा शब्द `fo|kFkhZ` असा साठतो, आणि शेवटचा `Z` मागे ईकार ओलांडून थ च्याही आधी नेला नाही तर ‘विद्याथीर्’ उरतो. मराठी संकेतस्थळांवर हा विद्याथीर् आपल्यापैकी बहुतेकांना भेटला असेल. आणखी एक गंमत आमच्या फायलीत निघाली. एका लेखाचे शीर्षक ‘क्विता’ असे आले. मूळ टंक `dfork`, म्हणजे कविता. पण शब्दसंपादकाने वाक्यारंभी मोठे अक्षर हवे या इंग्रजी शिष्टाचारापायी `d` चा `D` केला होता, आणि कृतिदेवात `D` म्हणजे अर्धा क. ही चूक परिच्छेदाच्या पहिल्याच अक्षरात भेटते, म्हणून लगेच ओळखू येते.

या चुका बोचतात, पण त्यांची मला भीती वाटत नाही. विद्याथीर् पाहून कोणीही थांबतो. भीती वाटते ती न थांबवणाऱ्या चुकांची.

आमच्या यादीचे शीर्षकच घ्या. परिवर्तकाने ते ‘व-हाडी शब्द’ असे दिले. मूळ फाईल पाहिली तर `o&gkMh`. कृतिदेवात `&` म्हणजे आडवी रेघ. त्या काळी अंकाचे काम करणारे डीटीपी ऑपरेटर अजून गावातच असतात. त्यांना बोलावून पडद्यावरचा मजकूर दाखवला. फॉन्ट बसवलेला नव्हता, तरीही रोमन अक्षरांवरून नजर फिरवत त्यांनी अर्धे पान घडाघडा वाचून दाखवले. आडव्या रेघेपाशी मी अडवले तेव्हा ते म्हणाले, “तो डॅश नाही सर, तो र आहे. आमच्या फॉन्टात तो र नव्हता, मग डॅशनं भागवायचो.”

मराठी व्याकरण शिकवणाऱ्याला या वाक्याचे मोल सांगायला नको. ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ हा भेद मराठीत अर्थ बदलतो. आचार्यांना आणि आचाऱ्यांना हे उदाहरण आपण वर्गात वर्षानुवर्षे देतो. हिंदीला हा भेद लागत नाही, आणि कृतिदेव मुख्यतः हिंदीचा फॉन्ट. ऑपरेटरपुढे दोन वाटा होत्या. रफार देऊन मोकळे व्हायचे, किंवा रेघ ओढून भेद राखायचा. त्यांनी दुसरी निवडली. ही रेघ म्हणजे ऐकलेल्या उच्चाराची नोंद आहे.

आता तिचे पुढे काय होते ते पाहा. याच अंकात एका विद्यार्थ्याचा जंगलवाटांवरचा लेख आहे. त्यात `n&;k` असा शब्द येतो, म्हणजे ‘द-या’, अर्थात दऱ्या. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या कुणी अनावश्यक रेघा काढून टाकल्या की उरते ‘दया’. कुणी जाणकारीच्या भरात रेघेच्या जागी रफार दिला तर होते ‘दर्या’. टेकड्यांमधून चाललेला मुलगा एकदा करुणेपाशी पोचतो आणि एकदा समुद्रापाशी, आणि शुद्धलेखन तपासणारी कोणतीही यंत्रणा तक्रार करत नाही, कारण तिन्ही शब्द कोशात आहेत. मूळ फाईल शिल्लक असेल तर वाद क्षणात मिटतो. ‘दर्या’ हवा असता तर टंक `n;kZ` असा असता, आणि ‘दया’ला `&` लागलाच नसता. फाईल पुसली असेल तर मिटवायला काहीच उरत नाही.

बोलीच्या यादीत तर कोशाचाही आधार नाही. ‘कामून’ सगळ्यांच्या ओळखीचा, तो `dkewu` पाहताच कळतो. पण जे शब्द एखाद्या आजीच्या तोंडून एकदाच टिपले गेले, त्यांचा ऱ्हस्वदीर्घपणा, त्यांतली जोडाक्षरे, त्यांतला र यांचा एकमेव पुरावा ही निरर्थक दिसणारी ओळ आहे. तिच्यावरून काढलेली देवनागरी ही आपली वाचना आहे, आणि वाचना सिद्ध झाली म्हणून हस्तलिखित जाळण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

आपल्या वाङ्मयेतिहासाला हा प्रसंग अगदीच नवा नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि मराठीच्या आद्य गद्याचे दालन अभ्यासकांना खुले झाले. त्या वाङ्मयाच्या अभ्यासकांत आमच्या यवतमाळचे य. खु. देशपांडेही होते. तुलना फार ताणू नये. तिथे लपवण्याचा हेतू होता, इथे कुणालाच काही लपवायचे नव्हते. तिथे किल्ली पंथाच्या हाती होती, इथे ती कुणालाही मिळणाऱ्या फॉन्टात आहे. पण लिप्यंतर झाले म्हणून महानुभावांच्या पोथ्या कुणी टाकून दिल्या नाहीत, एवढे साम्य मला हवे आहे.

‘मराठीच्या प्राध्यापकांनी संगणकाच्या भानगडीत का पडावे?’ असे मला विचारले गेले. प्रश्न संगणकाचा असता तर मीही पडलो नसतो. ‘दया’ की ‘दऱ्या’ हा पाठचिकित्सेचा प्रश्न आहे आणि तो तंत्रज्ञ सोडवू शकत नाही. त्याने तो सोडवावा अशी अपेक्षाही अन्यायाची आहे.

यंदा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी ती यादी दोन रकान्यांत दिली आहे : डावीकडे मूळ टंक, उजवीकडे परिवर्तित देवनागरी. जिथे `&` येतो तिथे प्रत्येकाने घरच्या वडीलधाऱ्यांकडून तो शब्द म्हणवून घ्यायचा आणि मगच र लिहायचा. साठएक शब्द झाले आहेत. दोन शब्द असे निघाले की ते घाटंजीकडे एका तऱ्हेने आणि पांढरकवड्याकडे दुसऱ्या तऱ्हेने म्हटले जातात. त्यांची रेघ आम्ही तूर्त तशीच ठेवली आहे.