संध्याकाळी मिटणारा डोळा

या आठवड्यात मला राग आला तो सकाळी दहाच्या अपॉइंटमेंटचा. दोन महिने आमच्या वहिनींची डावी पापणी दिवेलागणीला अर्ध्या डोळ्यावर उतरते आणि सगळं दोन-दोन दिसतं. सकाळी उठल्या की डोळा लख्ख उघडा. तीनदा तपासायला नेलं, तिन्ही वेळा सकाळी. डॉक्टरांना काहीच दिसलं नाही. एकदा चष्मा बदलला, एकदा ‘वयानुसार होतं’ असं सांगितलं.

अखेर पुतण्याने एकाच दिवशी सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला फोटो काढले. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि नव्या डॉक्टरांनी वहिनींना संध्याकाळी पाचला बोलावलं. मिनिटभर वर छताकडे पाहायला लावलं, तशी पापणी हळूहळू खाली आली. मग मिटल्या डोळ्यावर दोन मिनिटं बर्फाची पिशवी ठेवली. पिशवी काढली तेव्हा पापणी दोनेक मिलिमीटर वर गेलेली होती. हा ऑक्युलर मायस्थेनिया.

नसेचा निरोप स्नायूपर्यंत असेटिलकोलिन हे रसायन नेतं. ते जिथे उतरतं त्या जागा शरीरातलीच प्रतिपिंडं निकामी करतात. स्नायू वापरत राहावं तसे निरोप कमी पोचतात, विसाव्यानंतर पुन्हा पोचू लागतात. थंडाव्यात ते रसायन सावकाश विरतं, म्हणून बर्फ कामी येतो. आजार डोळ्यांपुरताच असेल तर जवळपास निम्म्या रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडं सापडत नाहीत. तपासणी निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं होत नाही. वहिनींचीही निगेटिव्हच आली. थायमस ग्रंथीसाठी छातीचा स्कॅन झाला, पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या सुरू झाल्या. घास गिळताना अडलं, बोलणं अनुनासिक झालं किंवा दम लागला तर थेट इस्पितळात यायचं, असं बजावून सांगितलंय. आजार डोळ्यांपलीकडे पसरला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत पसरतो. काही अँटिबायोटिकांनी तो बळावतो, म्हणून आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी आता त्यांच्या पर्समध्ये असते.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. संध्याकाळी वहिनी खाली अंगणात येईनाशा झाल्या होत्या. आम्हाला वाटलं, रुसल्यात. परवा त्यांनी सांगितलं, “अहो भाऊजी, जिन्याच्या एका पायरीच्या दोन पायऱ्या दिसायच्या. खरी कुठली ते कळायचं नाही. एक डोळा हाताने झाकला की एकच दिसायची, मग तशीच उतरायचे. पण तुम्ही सगळे विचाराल म्हणून येणंच सोडलं.”

एक डोळा झाकून जिना उतरणारी बाई आमच्याच घरात होती. मी रोज त्याच जिन्याखाली बसून पेपर वाचत होतो.