सातबारा दाखवून स्टे मिळत नाही, हद्द दाखवावी लागते

शेजाऱ्याने बांधावर पाया खणायला घेतला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "उद्या कोर्टातून स्टे आणतो." मग सातबाऱ्याची प्रत घेऊन माणूस तालुक्याला येतो आणि स्टे मिळाला नाही की गावात सांगतो, "कोर्टात न्याय राहिला नाही, समोरच्याने सेटिंग केली." माझं म्हणणं थोडं कडू लागेल, पण सांगतोच. यातल्या बहुतेक प्रकरणांत सेटिंग वगैरे काही नसतं. आपण न्यायाधीशापुढे तक्रार नेतो, रेघ नेत नाही. आणि हद्दीच्या वादात रेघ दाखवल्याशिवाय कोर्ट कुणाचं बांधकाम थांबवत नाही. थांबवूही नये.

नाव-गाव टाळून एक प्रकरण सांगतो. रस्त्याकडेला लागून दोन गट. वादीचा गट ४० आर, सातबारा स्वच्छ, तीन पिढ्यांची वहिवाट. शेजाऱ्याने आपला तुकडा एनए करून घराची परवानगी काढली आणि भिंतीचा चर बांधावरून आत घेतला. वादीचं म्हणणं, साधारण चार फूट रुंद आणि सत्तर फूट लांब पट्टा गेला. म्हणजे २८० चौरस फूट, २६ चौरस मीटरच्या आसपास. आता हे २६ चौरस मीटर सातबाऱ्यावर शोधून दाखवा. सातबारा सांगतो की तुमच्या नावावर ४० आर आहे. ते ४० आर कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, हे तो सांगतच नाही. शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावरही त्याचं क्षेत्र बरोबरच लिहिलेलं असतं! दोघेही आपापला उतारा फडकावतात आणि दोन्ही उतारे एकाच वेळी खरे असू शकतात. गावठाणातल्या घराला तर सातबाराही नसतो. तिथे लोक ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा आणतात, जो मुळात घरपट्टीचा कागद आहे.

या वादीने काय केलं? आधी पोलीस ठाणं. तिथे "दिवाणी बाब आहे" म्हणून परत पाठवलं, जे अपेक्षितच होतं. मग तहसीलला अर्ज. मग सरपंचाच्या ओट्यावर दोन बैठका, त्यात पाहुण्यांची मध्यस्थी. पाच आठवडे गेले. चर होता तिथे जोतं झालं, जोत्यावर भिंती चढल्या आणि लिंटेलपर्यंत काम आलं. त्यानंतर दावा दाखल झाला, सोबत निशाणी ५ चा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज. अर्जात वाक्य होतं: "प्रतिवादी हे वादीच्या मिळकतीत अतिक्रमण करून बांधकाम करीत आहेत, सबब त्यांना बांधकाम करण्यास मनाई व्हावी." किती फूट, कोणत्या बाजूला, कुठून कुठपर्यंत, काहीच नाही. फोटो तीन. त्यात भिंत दिसते, बांध दिसत नाही. भिंत कुणाच्या जागेत आहे हे तर फोटोतून कळणं शक्यच नव्हतं.

प्रतिवादीने म्हणणं दिलं. परवानगी, मंजूर नकाशा, बँकेच्या कर्जाचं पत्र, सिमेंट-स्टीलची बिलं. अर्ज नामंजूर. वादी आजही सांगतो की त्याच्यावर अन्याय झाला. जमिनीच्या बाबतीत कदाचित झालाही असेल. पण न्यायाधीशापुढे जे होतं त्यावर दुसरा हुकूम कसा झाला असता, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

कोर्ट तीन गोष्टी बघतं, दिवाणी वकिलाच्या तोंडी त्या पाठच असतात. सकृतदर्शनी केस आहे का, सोयीचं पारडं कुणाकडे झुकतं आणि पैशाने भरून न येणारं नुकसान होणार आहे का. सर्वोच्च न्यायालयाने दलपत कुमार विरुद्ध प्रल्हाद सिंग या १९९१ च्या निकालात हे नीट उलगडून सांगितलंय. आपल्या लोकांची गाडी पहिल्याच स्टेशनवर अडकते. त्यांना वाटतं सकृतदर्शनी केस म्हणजे "जमीन माझी आहे." जमीन तुमची आहे हे तर शेजारीही मान्य करतो. वाद त्या पट्ट्याचा आहे. म्हणून सकृतदर्शनी केस म्हणजे "हा पट्टा माझ्या हद्दीत पडतो" असं वरवर पाहता दाखवणारा कागद, आणि तो कागद भूमी अभिलेख कार्यालयाच्या हद्द कायम मोजणीचा नकाशा असतो, ज्याला आपण 'क' प्रत म्हणतो. त्यावर हद्द असते, लगतचा गट असतो आणि अतिक्रमण आढळलं तर तेही दाखवलेलं असतं. जुनी मोजणी असेल, हद्दीचे दगड जागेवर असतील, तर ते सोनं आहे. शेजाऱ्याला ती मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागायची वाट त्याला मोकळी आहे. तो वाद पुढे चालेल, पण तोवर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असतं.

मोजणीच झालेली नसेल तर? बहुतेकांची हीच अडचण, आणि मोजणीची तारीख लवकर मिळत नाही हेही खरं. पण म्हणून हात बांधून बसायचं नसतं. द्रुतगती मोजणीची फी भरून अर्ज करा आणि त्याची पोच दाव्यासोबत लावा. निशाणी ५ सोबतच कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज द्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली ते करता येतं, आणि हद्दीचा वाद मोजणीशिवाय मिटत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने हरियाणा वक्फ बोर्ड विरुद्ध शांती सरूप प्रकरणात सांगितलेलं आहे. दाव्यासोबत हाती काढलेला कच्चा नकाशा जोडा, वादातल्या पट्ट्याला अ-ब-क-ड अशी अक्षरं द्या, लांबी-रुंदी लिहा. फोटो काढताना विहिरीचा कठडा, विजेचा खांब, जुना दगड असं न हलणारं काहीतरी चौकटीत घ्या आणि तिथून चरापर्यंत टेप धरा. हे एका दुपारचं काम आहे. ओट्यावरच्या दोन बैठकांपेक्षा कमी वेळ लागतो.

आता सोयीचं पारडं. इथे आपला हावरटपणा आपल्याला बुडवतो. वादी मागतो काय? "प्रतिवादीचं सगळं बांधकाम थांबवा." मग न्यायाधीश विचारतो, चार फुटांसाठी याचं अख्खं घर अडवू? कर्जाचे हप्ते सुरू, माल उघड्यावर पडलेला. पारडं सरळ शेजाऱ्याकडे जातं. तेच तुम्ही फक्त अ-ब-क-ड पट्ट्यापुरती मनाई मागितली की चित्र उलटतं. शेजाऱ्याने आपल्या उरलेल्या जागेत खुशाल बांधावं. चार फूट आत भिंत घ्यायला त्याचं काय जातं? आणि पुढे मोजणीत पट्टा त्याचा निघाला तर तिथे तो नंतरही बांधू शकतो. पण तुमचा निघाला आणि तोवर त्यावर आरसीसी उभी राहिली, तर पाडण्याचा हुकूम मिळवणं ही वेगळीच लढाई. कमी मागितलं तर मिळण्याची शक्यता वाढते, हे आमच्या अशिलांना पटता पटत नाही. त्यांना शेजाऱ्याचं काम बंद पडलेलं बघायचं असतं.

तिसरी गोष्ट, न भरून येणारं नुकसान. ती बव्हंशी तारखेवर ठरते. चर खणलेला असताना तिसऱ्या दिवशी आलात तर तुम्ही म्हणू शकता की उद्या काँक्रीट पडलं की जागेची स्थिती कायमची बदलेल. लिंटेलला आल्यावर हेच वाक्य पोकळ होतं. कोर्ट विचारणारच, इतके दिवस काय केलं? बैठका चालू होत्या हे उत्तर कायद्याने चुकीचं नाही, पण मग बैठकांचा पुरावा लागतो. पहिल्या दिवशी रजिस्टर पोस्टाने हरकतीची नोटीस गेली असेल तर निदान तुम्ही गप्प बसला नव्हता एवढं दिसतं.

सगळा दोष पक्षकारांचाच, असं मात्र माझं म्हणणं नाही. आमचे काही वकीलबंधू जुन्या दाव्यातलं नाव बदलून अर्ज टाकतात. जिथे हद्दीसोबत मालकीच नाकारली जातेय, तिथेही नुसत्या मनाईचा दावा लावतात. मालकीवरच गंभीर शंका उभी केली गेली असेल तर मालकी जाहीर करून मागावी लागते, आणि ताबा गेला असेल तर ताबाही, हे अनाथुला सुधाकर निकालात २००८ पासून स्पष्ट आहे. आणि कोर्टांबद्दलही बोललं पाहिजे. बांधकामाच्या प्रकरणात नुसती नोटीस काढून तीन आठवड्यांची तारीख देणं म्हणजे स्लॅबला पाणी मारायला वेळ देणं. एकतर्फी मनाई द्यायला न्यायाधीश कचरतात ते मी समजू शकतो, त्याला कारणं नोंदवावी लागतात. पण मग हमदस्त नोटीस देऊन दोन-तीन दिवसांची तारीख का देत नाहीत? त्याच दिवशी कमिशनर पाठवून जागेवर आज काय आहे एवढं तरी का नोंदवत नाहीत?

ही नोंद नसेल तर 'जैसे थे' हुकूमही कागदच राहतो. हुकूम दुपारी होतो, रात्री फ्लडलाइट लावून भिंत चढते आणि सकाळी शेजारी शपथेवर सांगतो की भिंत आधीपासूनच होती. जैसे म्हणजे कसे, हे कुठेच लिहिलेलं नसतं. आदेश ३९ नियम २अ खाली हुकूम मोडणाऱ्याची मिळकत जप्त करता येते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेतही टाकता येतं. पण आधी हुकूम मोडला हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. आणि पोलीस बंदोबस्त आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज लागतो.

एकतर्फी मनाई मिळाली तर खूश होऊन पेढे वाटण्याआधी नियम ३ वाचा. अर्ज, शपथपत्र, दावा आणि कागदांच्या प्रती समोरच्याला ताबडतोब रजिस्टर पोस्टाने किंवा हातोहात द्याव्या लागतात, आणि दिल्याचं शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टात दाखल करावं लागतं. हे राहिलं की समोरचा वकील पहिल्याच तारखेला त्यावर बोट ठेवतो. दोन वर्षांपूर्वी बैठकीत तुम्ही हद्द मान्य करून सही केली असेल आणि ते दाव्यात लपवलं असेल, तर मिळालेला हुकूमही जातो आणि पुढे तुमच्या खऱ्या म्हणण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

शेवटचा विषय त्या मंडळींचा, जे हद्दीचा काही वाद नसताना घर चालू असलेलं बघून स्टे आणतात आणि मग "मिटवून टाकू" म्हणत आकडा सांगतात. असे प्रत्येक तालुक्यात आहेत, सगळ्यांना माहीत आहेत. अपुऱ्या कारणावर मनाई मिळवली असं ठरलं तर कलम ९५ खाली कोर्ट पन्नास हजारांपर्यंत भरपाई द्यायला लावू शकतं. हा अर्ज फारच क्वचित होतो, कारण घर बांधणारा माणूस थकलेला असतो आणि पैसे देऊन मोकळा होतो. ज्याला काम सुरू करण्याआधीच अशा शेजाऱ्याची भीती वाटत असेल त्याने कलम १४८अ खाली कॅव्हेट टाकून ठेवावी. ती नव्वद दिवस चालते, आणि तेवढ्या काळात त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय मनाई होत नाही. त्याआधी स्वतःची मोजणी करून घेतली, लगतच्या खातेदारांना बोलावून दगड रोवले आणि पंचनाम्यावर त्यांच्या सह्या घेतल्या, तर कॅव्हेटचीही गरज सहसा पडत नाही.