विश्लेषण : तारखा जुळतात, मग तास का जुळत नाहीत?

एकाच वेळी तीन-चार ग्राहकांची कामे घेणारे फ्रीलान्सर बहुधा कॅलेंडरवर मुदतीच्या तारखा मांडतात. दोन तारखा एका दिवशी आल्या नाहीत, तर सारे सुरळीत वाटते. पण काम तारखेला होत नाही, तासांत होते. चार आठवड्यांचा फिरता आराखडा नेमके हेच दाखवतो.

तासांचे गणित कसे मांडायचे?

तासाला सरासरी २५० शब्द पूर्ण करणाऱ्या अनुवादकाचे उदाहरण घेऊ. दिवसाचे पाच तास एकाग्र कामाचे धरले, तर आठवड्याचे २५ होतात. दुरुस्त्या, बिले आणि अचानक येणाऱ्या कामांसाठी पाच तास राखले, की उरतात २०. म्हणजे चार आठवड्यांत ८० तास.

आता कामे पाहू. एका एजन्सीचे दर आठवड्याला २,००० शब्द, म्हणजे आठ तास. एका कंपनीचा ६,००० शब्दांचा अहवाल दुसऱ्या आठवड्याअखेर द्यायचा, त्याचे २४ तास. प्रकाशकाची १०,००० शब्दांची प्रकरणे चौथ्या आठवड्याअखेर, त्याचे ४० तास. बेरीज ९६ तास.

अडचण कधी कळते?

पहिले दोन आठवडे एजन्सी आणि अहवालातच संपतात. उरलेल्या दोन आठवड्यांत पुस्तकाला २४ तास मिळतात, १६ कमी पडतात. फक्त तारखा पाहणाऱ्याला हे तिसऱ्या आठवड्यात जाणवते. आराखडा मांडणाऱ्याला ते पहिल्या सोमवारीच दिसते. तेव्हा प्रकाशकाला ‘६,००० शब्द ठरल्या दिवशी देतो, उरलेले सहाव्या आठवड्याच्या सुरुवातीला’ असे सांगता येते. तेच वाक्य मुदतीच्या आदल्या दिवशी सांगितले, तर सबब ठरते.

आराखडा ‘फिरता’ का?

दर सोमवारी सरलेला आठवडा काढून पुढे नवा चौथा आठवडा जोडायचा. झालेल्या कामाला खरोखर किती तास लागले ते पाहून उरलेले अंदाज सुधारायचे. चालू आठवडा पक्का ठेवावा. तिसरा आणि चौथा पेन्सिलीने लिहावा.

कुठे फसते?

अहवालाचा मजकूर सोमवारऐवजी गुरुवारी आला, तर पहिल्या आठवड्यातले तीन दिवस हातातून जातात. म्हणून मुदत ‘अमुक तारखेला’ अशी न देता ‘मजकूर मिळाल्यापासून दहा कामाचे दिवस’ अशी लेखी ठरवावी. तेच काम तीन सोमवार पुढे ढकलले जात असेल, तर एक तर अंदाज चुकला आहे किंवा ग्राहकाकडे काही अडले आहे.

राखीव पाच तास संपल्यावर नवे तातडीचे काम आले, तर आराखडा जादा तास निर्माण करत नाही. कोणत्या ग्राहकाचे कोणते काम मागे जाणार, एवढेच तो विचारतो. त्याचे उत्तर होकार देण्यापूर्वी द्यावे लागते.