सम चौथ्या सेकंदाला

गाणं पुरं झालं, मास्टर हातात आलं, की कोल्हापुरातल्या स्टुडिओत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘रीलला मुखडा टाका, विषय संपला.’ विषय तिथेच बिघडतो, असं माझं म्हणणं आहे.

मुखडावाले संजू राठोडच्या ‘गुलाबी साडी’चा दाखला देतात. 2024 मध्ये ते गाणं रीलवरून घरोघरी गेलं आणि लोकांनी मुखडाच उचलला, हे खरंच आहे. पण त्या मुखड्यात साडी नेसून मिरवायचं आणि फोटो काढून घ्यायचा असतो. म्हणजे बाईला कॅमेऱ्यासमोर काय करायचं ते शब्दच सांगतात. ज्या मुखड्यात नुसतं देवाचं किंवा गावाचं नाव घोळवलंय, त्याला हा दाखला लागू पडत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, गाण्याचा तुकडाच पाडू नका. त्यांची कळकळ मला समजते, पण इतिहास त्यांच्या बाजूने नाही. कोल्हापूर दरबारचे अल्लादियाखाँ ध्वनिमुद्रणापासून लांब राहिले. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर मात्र तबकडीसाठी गायल्या, आणि त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ती तासाभराच्या मैफलीची कापलेली सुरुवात नाही. बंदिशीचं निघणं आणि समेवर येणं, दोन्ही त्या थोड्या वेळात आहे. पंधरा सेकंदांच्या तुकड्याकडूनही माझी मागणी तेवढीच आहे.

एक गाणं घेऊन दाखवतो. हलगी-घुमक्याचं, केरव्यातलं, मिनिटाला 120 मात्रांचं. आठ मात्रांचं आवर्तन चार सेकंदांत पुरं होतं. मुखड्याच्या समेपासून मोजून पंधरा सेकंद कापले, तर तीस मात्रा येतात आणि चौथं आवर्तन दोन मात्रा आधीच तुटतं. रील संपून पुन्हा सुरू झालं की ठेका अडखळतो. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण त्याचा अंगठा वर सरकतो. 2020 मध्ये यूट्यूब शॉर्ट्स भारतात आलं तेव्हा पंधरा सेकंदांची मर्यादा होती. ती केव्हाच उठली, आकडा मात्र डोक्यात बसलाय. म्हणून इथे बारा सेकंद घ्यावेत, पुरी तीन आवर्तनं.

त्यातलं पहिलं आवर्तन मुखड्याचं घ्यायचं नाही. अंतऱ्याची शेवटची ओळ घ्यायची, जिच्या शेपटाला हलगीचा तोडा आहे. मग चौथ्या सेकंदाला सम येते, मुखडा उघडतो, आणि उरलेली दोन आवर्तनं त्याची. रील करणाऱ्याला नेमकी हीच जागा हवी असते. आधीचे चार सेकंद साध्या कपड्यांत, समेला फेटा बांधलेला. किंवा आधी रिकामं मैदान, समेला कुस्तीची पहिली पकड. मुखड्यापासूनच सुरुवात केली तर सम पहिल्याच क्षणी येऊन जाते आणि बदल दाखवायला काही उरत नाही.

‘पहिल्या दोन सेकंदांत माणूस निघून जातो, त्याला अंतरा ऐकवता?’ हा आक्षेप वजनदार आहे. म्हणून पहिल्या क्षणापासून गळा ऐकू आला पाहिजे. नुसत्या वाद्यांचा तुकडा मीही सुरुवातीला ठेवणार नाही. आणि अंतऱ्याची ती ओळ अर्थाने एकटी उभी राहत नसेल, तर ती सोडून मुखड्याची दुसरी फेरी आणि तिच्याआधीची उठाण बघावी.

निवड करताना स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर भरवसा नको. घुमक्याचा खालचा घुमारा फोनच्या बारक्या स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही. हलगीची कडकड तेवढी येते. तुकडा फोनवर, आवाज निम्म्यावर ठेवून ऐकावा. ज्या जागेचा डौल घुमक्यावरच उभा होता, ती तिथे पोकळ वाजते. कापही गायिकेच्या श्वासाच्या किंचित आधी घ्यावा. शब्दाला चिकटून कापलं तर पहिलं व्यंजन खाल्लं जातं, आणि आधीच्या ओळीची घुमणारी शेपूट आत आली तर भलताच स्वर भुतासारखा ऐकू येतो. दोन्ही टोकांना काही मिलिसेकंदांचा उतार दिला की ‘टक्’ असा आवाज येत नाही.

काही वितरक गाणं घेताना या तुकड्याची सुरुवात विचारतात. तो रकाना रिकामा सोडू नये. रील करणारा पुढे ती जागा हलवू शकतो, पण बरेच जण समोर आलेलं तसंच वापरतात.

संथ अभंगाला मात्र हा हिशेब पुरत नाही. मिनिटाला 60 मात्रा असल्या तर एकच आवर्तन आठ सेकंदांचं होतं. उठाण आणि मुखडा दोन्ही हवेत तर सोळा सेकंद घ्यावेत, आणि त्या सोळांत ओळीचा अर्थ पुरा होत नसेल तर चोवीस. पंधराच्या हट्टापायी चरण मध्ये तोडण्यापेक्षा त्या गाण्याचा तुकडा न पाडलेला बरा.